क्लिपचं नाव का बदलायचं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

कॅमेऱ्याने क्लिपला दिलेलं C0001.MP4 असं नाव बदलू नका आणि फुटेज दोन हार्ड डिस्कवर ठेवा, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

«लेख लांबलचक, उपयोग शून्य. C0001.MP4 वरून एडिटरला काय डोंबल कळणार? प्रत्येक क्लिपला सीन-शॉट-टेकचं नाव द्या, विषय संपला. दोन-दोन हार्ड डिस्क हे श्रीमंतांचे चोचले. सल्ले देण्याआधी कधी सेटवर उभे राहिलात का?»

लेख लांबला, मान्य. पण «सेटवर उभे राहिलात का» हे विचारायची ही पद्धत नव्हे. कार्ड रिकामं करून देणारा पोरगा म्हणूनच मी या कामात आलो. कॅमेरामन «कार्ड दे» म्हणून ओरडत असतो आणि कॉपी निम्मीच झालेली असते, ती वेळ मी भरपूर अनुभवली आहे.

आता नावाचं. साताऱ्याकडच्या एका लघुपटात एका सहायकाने तुम्ही म्हणता तेच केलं. फुटेज दोन डिस्कवर उतरलं होतं. रात्री त्याने पहिल्या डिस्कवरच्या क्लिपना S04_SH02_T03 अशी नावं दिली, दुसरी तशीच राहिली. एडिट पहिल्या डिस्कवर झाला आणि नेमकी तीच डिस्क बंद पडली. दुसरीवर सगळं फुटेज शाबूत होतं, पण टाइमलाइन लाल. सॉफ्टवेअर S04_SH02_T03 शोधतंय, डिस्कवर आहे C0017. एकेक शॉट डोळ्यांनी जुळवावा लागला. शिवाय त्या सोनी कॅमेऱ्याच्या प्रत्येक क्लिपसोबत C0017M01.XML अशी माहितीची फाइल असते. क्लिपचं नाव बदललं की तिचा धागा तुटतो. क्लॅपवर टेक चुकीचा लिहिला गेला असेल, तर ती चूक फाइलच्या नावात जाऊन बसते.

म्हणून नाव द्यायचं ते फोल्डरला. दर कार्डाला एक फोल्डर, उदाहरणार्थ 20250214_D02_CAMA_K03: तारीख, शूटचा दुसरा दिवस, ए कॅमेरा, तिसरं कार्ड. आत कार्डावरची रचना जशीच्या तशी, M4ROOT या फोल्डरसकट. नुसत्या क्लिप उचलून एकाच फोल्डरमध्ये टाकू नका. फॉरमॅटनंतर कॅमेऱ्याने मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरली, तर दोन कार्डांवर C0001 निघतो आणि घाईत «रिप्लेस» दाबलं की एक गेला. सीन-टेक लिहायला रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकटच्या आवृत्तीतही Scene, Shot, Take असे रकाने आहेत. तिथे टेक चुकला तर दुरुस्त करता येतो, फाइलला हात लागत नाही.

नावं तशीच ठेवली की तपासणीही सोपी जाते. टेराकॉपी या फाइल कॉपी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये «व्हेरिफाय» लावा, ते मूळ आणि प्रत यांचे चेकसम, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून काढलेले आकडे, ताडून पाहतं. मग डिस्क काढून पुन्हा जोडा आणि दोन्ही फोल्डरमधल्या फाइलींची संख्या आणि साइज जुळवा. हे होईपर्यंत कार्ड फॉरमॅट होत नाही, कॅमेरामन कितीही ओरडो.

श्रीमंतांच्या चोचल्यांबद्दल बोलायचं नाही. दुसरी डिस्क परवडत नसेल तर शूट संपेपर्यंत भाड्याने घ्या.