दोष तिथीचा, खापर नानकशाहीवर

“गुरू गोविंदसिंगांचा खरा जन्मदिवस २२ डिसेंबर १६६६. तरीही २०२५ मध्ये त्यांची जयंती दोनदा झाली आणि २०२६ मध्ये एकदाही नाही! हा सगळा नानकशाही कॅलेंडरचा घोळ. कॅनडात बसून एका माणसाने इंग्रजी तारखा उचलल्या आणि शिखांना पंचांगापासून तोडण्यासाठी मनाला येईल तसे सण लावले.”

हा मजकूर मला नांदेडहून माझ्या मामेभावाने पाठवला. तो शिक्षक आहे आणि परिपाठात हे वाचून दाखवण्याच्या बेतात होता. त्याच्या वर्गात शीख मुलेही बसतात. त्यांच्यासमोर त्यांच्या गुरूंची जन्मतारीखच बनावट असल्यासारखे बोलले जाणार होते, म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग पडले.

आधी दोनदा आणि एकदाही नाही, हा मुद्दा घेऊ, कारण त्यात आरोप सरळसरळ चुकीच्या दारी नेऊन टाकला आहे. गुरू गोविंदसिंगांचा जन्म परंपरेने विक्रम संवत १७२३, पोह सुदी सप्तमीचा, म्हणजे आपल्या पौष शुद्ध सप्तमीचा मानला जातो. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, त्यामुळे ही तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२४ मध्ये ती १७ जानेवारीला होती, २०२५ मध्ये ६ जानेवारीला आली आणि पुढची सप्तमी २७ डिसेंबर २०२५ ला, म्हणजे त्याच इंग्रजी वर्षात पडली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने नंतरची सप्तमी एक महिना पुढे ढकलली जाऊन थेट जानेवारी २०२७ च्या मध्यावर जाते. दिनदर्शिकेत अधिक मास पाहणाऱ्या कोणत्याही मराठी घराला हे नवे नाही. विक्रम संवताने मोजले तर २०८१, २०८२ आणि २०८३ या तिन्ही वर्षांत जयंती प्रत्येकी एकदाच येते. दोनदा आणि शून्यदा हा भास जानेवारी ते डिसेंबर असे मोजल्यामुळे होतो.

मुख्य गोष्ट अशी की हे जे काही घडते ते जुन्या चांद्र तिथीमुळे घडते. नानकशाही हे शिखांचे सौर कॅलेंडर, आणि त्याच्या २००३ च्या मूळ रूपात हा दिवस दरवर्षी सौर पोह महिन्याच्या २३ तारखेला, म्हणजे ५ जानेवारीलाच येतो, दोनदाही नाही आणि गायबही नाही. ज्या कॅलेंडरने ही अडचण दूर केली, त्यालाच तिच्याबद्दल जबाबदार धरायचे, हे लिहिणाऱ्याने एकही जंत्री उघडून पाहिलेली नाही, याचेच लक्षण आहे.

मग आज गोंधळ का दिसतो? २०१० मध्ये गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने नानकशाहीत दुरुस्ती केली. गुरू गोविंदसिंगांच्या जन्मासह काही मोजके गुरुपुरब, म्हणजे गुरूंचे स्मरणदिन, पुन्हा तिथीवर नेले, महिन्यांच्या सुरुवाती पुन्हा विक्रमी संक्रांतीला जोडल्या आणि उरलेले बहुतेक दिवस सौर तारखांवर राहू दिले. धाकट्या साहिबजाद्यांचे, म्हणजे गुरू गोविंदसिंगांच्या धाकट्या मुलांचे, हौतात्म्य १३ पोहचे, सौर तारखेचे, म्हणून ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्थिर राहते आणि फतेहगढ साहिबचा शहीदी जोडमेळ २५ ते २७ डिसेंबरला भरतो. तिथी मात्र सरकते. त्यामुळे २०२५ मध्ये वडिलांच्या जन्माचा उत्सव मुलांच्या हौतात्म्याच्या शोकदिवसांवर येऊन आदळला. दोन्ही दिवस सौर मोजणीत ठेवले असते तर १३ पोह आणि २३ पोह यांत कायम दहा दिवसांचे अंतर राहिले असते.

२२ डिसेंबरबद्दल. ही तारीख खोटी नाही, पण ती ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या कॅलेंडरची आहे. इतिहासकार त्या काळच्या भारतीय तिथी ज्युलियनमध्ये बदलून लिहितात, आणि सतराव्या शतकात ज्युलियन व आजच्या ग्रेगोरियन तारखांत दहा दिवसांचा फरक होता. म्हणजे आजच्या मोजणीने तो दिवस १ जानेवारी १६६७ ठरतो. आपण शिवजयंतीला १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो, तीही ज्युलियनच तारीख आहे. आजच्या मोजणीने ती १ मार्च येते, आणि तिथीप्रमाणे फाल्गुन वद्य तृतीया पाळणारे आपल्याकडेही आहेतच. तेव्हा २२ डिसेंबर हीच एकमेव खरी असा हट्ट महाराष्ट्रात तरी कोणी धरू नये.

आता प्रामाणिक प्रश्न उरतो तो असा की १ जानेवारी सोडून ५ जानेवारी कशी आली. याचे उत्तर नानकशाहीचे कर्ते पालसिंग पुरेवाल यांच्या पाचशे वर्षांच्या जंत्रीत आहे, जी पंजाब शालेय शिक्षण मंडळाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. पोह सुदी सप्तमीच्या त्या दिवशी सौर महिन्याचा २३ वा दिवस होता. पंजाबात या सौर तारखेला प्रविष्टा म्हणतात. पुरेवालांनी तिथी आणि इंग्रजी तारीख दोन्ही बाजूला ठेवून प्रविष्टा कायम केला. १६६६ च्या हिवाळ्यात १ पोह आजच्या मोजणीने १० डिसेंबरला होता, म्हणून २३ पोह १ जानेवारीला आला. पुढे परंपरागत सौर वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे असल्याने साधारण साठ वर्षांत एक दिवस, या गतीने महिने पुढे सरकत गेले. मकर संक्रांत १८६३ मध्ये १२ जानेवारीला होती, आज ती १४ किंवा १५ ला येते, ते याच कारणाने. पुरेवालांनी ही सरक थांबवून वर्षाची लांबी ऋतुवर्षाला जोडली आणि १ चेत १४ मार्चला, १ पोह १४ डिसेंबरला कायमचे बांधले. लीप वर्षात जादा दिवस फाल्गुनाच्या शेवटी धरल्याने इंग्रजी तारखेशी मेळ बसतो. गुरू ग्रंथ साहिबमधल्या बारामाहा या रचनांत महिन्यांची वर्णने ऋतूंना धरून आहेत, त्यामुळे महिना ऋतूपासून सुटू नये, हा त्यामागचा आग्रह होता.

इंग्रजी कॅलेंडरला बांधलेले आहे, हे म्हणणे मात्र अर्धे खरे आहे आणि ते मान्य करायला हवे. महिने विसाव्या शतकाच्या अखेरीस जिथे पोहोचले होते तिथेच गोठवले, गुरूंच्या काळच्या जागी मागे नेले नाहीत, हाही निव्वळ गणिताचा निर्णय नव्हता. शिखांचे स्वतंत्र कॅलेंडर असावे, हा हेतू तर उघडच होता. पण “कॅनडात बसून एका माणसाने” हे म्हणणे टिकत नाही. पुरेवाल एडमंटनला राहणारे इंजिनिअर होते हे खरे, तरी कॅलेंडर प्रबंधक समितीने स्वीकारले आणि अकाल तख्त या शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाच्या मान्यतेने २००३ च्या वैशाखीला लागू झाले. मनाला येईल तशा तारखा लावल्या असत्या, तर गुरू नानकांचा जन्म कार्तिक पौर्णिमेला, बंदी छोड दिवस दिवाळीला आणि होला मोहल्ला होळीच्या दुसऱ्या दिवशी त्याच कॅलेंडरने ठेवला नसता.

नांदेडचे तख्त सचखंड श्री हजूर साहिब आणि पाटण्याचे तख्त यांनी नानकशाही स्वीकारलेच नाही, तिथे आजही विक्रमी तिथीच चालते. पाकिस्तानची गुरुद्वारा समिती मात्र मूळ नानकशाही पाळते. म्हणून कोणाच्या भिंतीवर ५ जानेवारी आणि कोणाच्या भिंतीवर जानेवारीचा मध्य दिसला, तर आधी ती जंत्री कोणाची आहे आणि तिच्यात १ पोह कोणत्या तारखेला छापला आहे, ते पाहावे. १४ डिसेंबर असेल तर ती मूळ नानकशाही आहे.