सारणीतला मध्यक आणि पस्तीसचा गठ्ठा

“वारंवारता सारणी हातात असली की मूळ गुणांची गरजच नाही. वर्गमध्य घेऊन मध्य अगदी नेमका येतो. वर्ग ३१–४० असा तुटक असला तरी सूत्रात सरळ ३१ टाका, उत्तर तेच. आणि शंका वाटली तर मध्यक घ्या, तो कधी फसवत नाही.”

असं सर्रास सांगितलं जातं. यातले तिन्ही मुद्दे एक सारणी घेऊनच तपासू. नववीची ४० मुलं, पेपर १०० गुणांचा. २१–३० मध्ये ४ मुलं, ३१–४० मध्ये २०, ४१–५० मध्ये ९, ५१–६० मध्ये ५ आणि ६१–७० मध्ये २.

पहिलं, मध्य. वर्गमध्य २५.५, ३५.५ असे पुढे घेऊन वारंवारतेने गुणले की बेरीज १६३० येते. भागिले ४०, मध्य ४०.७५. दोन दशांश दिसले की माणसाला आकडा नेमका वाटतो. पण प्रत्येकाला आपल्या वर्गातले सर्वांत कमी गुण असतील तर खरा मध्य ३६.२५, सर्वांत जास्त असतील तर ४५.२५, आणि सारणी दोन्ही वेळा हीच. एवढी टोकं सहसा गाठली जात नाहीत, कारण एका वर्गातली वाढ दुसऱ्यातल्या घटीत बरीचशी जिरते. तरी ४०.७५ हा अंदाजच.

दुसऱ्या मुद्द्याला फार जागा नको. वर्गमध्य ३१–४० चा काढा की ३०.५–४०.५ चा, ३५.५ च येतो. त्यामुळे मध्याला फरक पडत नाही आणि तीच सवय मध्यकात जाते. तिथे निम्म्या २० मुलांतली ४ आधीच्या वर्गात गेली, उरली १६, म्हणून ३०.५ + (१६ ÷ २०) × १० = ३८.५ हे बरोबर. ३१ टाकलं की ३९.

खरी गंमत तिसऱ्यात आहे. सूत्र गृहीत धरतं की ती २० मुलं ३१ ते ४० मध्ये सारखी पसरली आहेत. पेपर तपासणाऱ्यांना विचारा, ३३-३४ वर अडकलेलं पोर कुठे जातं! समजा त्या २० पैकी १७ जणांना ३५ आहेत, उरलेल्यांना ३७, ३८ आणि ४०. या वर्गाची बेरीज ७१०, म्हणजे सरासरी बरोबर ३५.५, मध्याला धक्काही लागला नाही. पण ओळीतला विसावा आणि एकविसावा मुलगा दोघेही ३५ वर, म्हणजे खरा मध्यक ३५ आणि सूत्राचा ३८.५. फसला तो मध्यकच.

त्याच्या बाजूने एक मान्य. शेवटचा वर्ग ‘६१ व अधिक’ असा उघडा असता तर त्याचा वर्गमध्यच ठरला नसता, मध्यक मात्र जागचा हलला नसता.

मूळ गुण मिळत नसतील तर निदान तो एक वर्ग फोडून मागा. ३१–३५ मध्ये १७ आणि ३६–४० मध्ये ३ असं कळलं, की ३०.५ + (१६ ÷ १७) × ५ म्हणजे सुमारे ३५.२.