मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिलिटर

«गांधीलमाशी चावून अंगावर गांधी उठल्या आणि दम लागला, तर अ‍ॅव्हिल आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन पुरेसे असते. अ‍ॅड्रेनॅलिन हे हृदय बंद पडल्यावर द्यायचे शेवटचे औषध आहे. हृदय चालू असताना ते दिले, तर नाडी आणि बीपी भडकून माणूस जागीच जातो.»

वरच्या दाव्याच्या पहिल्या वाक्यातली दोन्ही औषधे निरुपयोगी नाहीत, पण येथे त्यांच्यावर भलतेच काम सोपवले आहे. दंशानंतर दम लागतो आणि रक्तदाब उतरतो, त्या तीव्र अ‍ॅलर्जीच्या अवस्थेला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. तिच्यात शरीरभरच्या मास्ट पेशींमधून हिस्टामिनबरोबरच ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन आणि इतरही अनेक पदार्थ एकदम बाहेर पडतात. अ‍ॅव्हिल, म्हणजे फेनिरामिन, यांपैकी फक्त हिस्टामिनला आणि तेही त्याच्या एकाच प्रकारच्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवर तो ज्या जागी चिकटतो तिथे, अडवते. त्यामुळे खाज आणि गांधी कमी होतात, परंतु ल्युकोट्राइनने आवळलेल्या श्वासनलिका तशाच राहतात आणि सैल पडलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा आवळल्या जात नाहीत. स्टेरॉइडचा परिणाम पेशीतील जनुकांच्या कामावरून होत असल्याने तो दिसायला काही तास लागतात, आणि दंशानंतरचा मृत्यू पहिल्या अर्ध्या तासातही येऊ शकतो. यात आणखी एक धोका असा की त्वचा निवळली म्हणजे रुग्ण सुधारला असे सोबतच्यांना वाटते, आणि त्याच वेळी आत रक्तदाब घसरत असतो.

शेवटचे औषध असल्याचा समज कशामुळे खोटा ठरतो, हे समजण्यासाठी रुग्णाच्या शरीरात काय बिघडले आहे ते पाहावे लागते. केशवाहिन्यांच्या भिंती गळू लागतात आणि रक्तातला द्रव ऊतींमध्ये झिरपतो. तीव्र प्रसंगी रक्तवाहिन्यांतील सुमारे एक तृतीयांश द्रव दहा मिनिटांत बाहेर गेल्याचे नोंदले गेले आहे. त्यातच लहान रोहिण्या आणि नीला सैल पडल्याने उरलेले रक्त हातापायांत आणि पोटात साठते आणि हृदयाकडे पुरेसे परतत नाही. इकडे स्वरयंत्राला सूज येते आणि श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात.

अ‍ॅड्रेनॅलिन या प्रत्येक बिघाडावर वेगवेगळ्या ग्राहींमार्फत काम करते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूंवर अल्फा-१ ग्राही असतात. अ‍ॅड्रेनॅलिन त्यांना चिकटले की पेशीत कॅल्शियम वाढून स्नायू आकुंचन पावतो, रक्तदाब सावरतो आणि नीलांमध्ये साठलेले रक्त हृदयाकडे ढकलले जाते. स्वरयंत्राच्या आवरणातील वाहिन्याही याच ग्राहींमुळे आवळल्या जातात, म्हणून तिथली सूज उतरू लागते. हृदयावरील बीटा-१ ग्राही ठोक्यांचा जोर आणि वेग वाढवतात. श्वासनलिकांच्या स्नायूंवरील बीटा-२ ग्राही मात्र उलट दिशेने काम करतात: तिथे पेशीच्या आत निरोप पोचवणारा सायक्लिक एएमपी हा रेणू वाढतो, स्नायू सैल होतो आणि हवेचा मार्ग मोकळा होतो. मास्ट पेशींवरही बीटा-२ ग्राही असतात, आणि त्यांच्यामुळे या पेशींतून नवा माल बाहेर पडणे कमी होते. एकच रेणू रक्तवाहिनी आवळतो आणि श्वासनलिका मोकळी करतो, कारण पेशीचे उत्तर तिच्यावर कोणता ग्राही आहे यावर ठरते. फेनिरामिन आणि स्टेरॉइड एकत्र दिले तरी यांतले एकही काम काही मिनिटांत होत नाही.

तिसरे वाक्य मला सर्वांत घातक वाटते, कारण ते पूर्णपणे हवेतून आलेले नाही. अ‍ॅड्रेनॅलिनमुळे गंभीर अपाय झालेले आहेत, पण त्यांतले बहुतेक औषध झपकन शिरेतून दिल्यामुळे किंवा मात्रा चुकल्यामुळे झालेले आहेत. नेहमीच्या एक मिलिलिटरच्या काचेच्या अँप्यूलमध्ये एक मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे प्रमाण एकास हजार. हृदय थांबल्यावर एक मिलिग्रॅम शिरेतून देतात आणि त्यासाठी सहसा दहापट पातळ द्रावण वापरतात. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये प्रौढाला त्याच अँप्यूलमधले अर्धे औषध, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूने स्नायूत देतात. मुलांसाठी हिशेब किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमचा असतो. चालत्या हृदयाला अख्खी अँप्यूल शिरेतून दिली, तर हृदयाची लय बिघडू शकते. त्या चुकीची भीती मांडीतल्या अर्ध्या मात्रेला चिकटवल्यामुळे हे वाक्य तयार झाले आहे.

मांडीच निवडण्याचे कारणही ग्राहींमध्ये आहे. त्वचेखाली औषध दिले, तर तिथल्या वाहिन्या अल्फा ग्राहींमुळे आवळल्या जातात आणि औषध जागेवरच अडकून पडते. मांडीच्या स्नायूत रक्तपुरवठा भरपूर असतो आणि तिथल्या वाहिन्यांवर बीटा-२ ग्राही पुष्कळ असल्याने त्या उघड्या राहतात. मुलांवर केलेल्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूतून रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी सुमारे ८ मिनिटांत आली, तर त्वचेखालून सरासरी ३४ मिनिटे लागली. स्नायूतून दिल्यावर हात थरथरणे, छातीत धडधडणे, चेहरा फिका पडणे आणि डोके दुखणे हे होते, आणि बहुधा थोड्या वेळात ओसरते.

समजा, ६० किलो वजनाच्या बेचाळीस वर्षांच्या शेतकऱ्याला बांधावर गांधीलमाशी चावली. पाच मिनिटांत तळहातांना खाज आणि अंगावर गांधी, दहाव्या मिनिटाला आवाज बसलेला, छातीत सूंसूं, नाडी १२८ आणि रक्तदाब ८० वर ५०. मांडीत अर्धा मिलिलिटर दिल्यावर पुढच्या काही मिनिटांत रक्तदाब १०० च्या वर येतो, आवाज मोकळा होऊ लागतो आणि नाडी ११० च्या आसपास उतरते. नाडी वाढवणाऱ्या औषधाने ती उतरते, कारण मुळात ती रिकाम्या पडत चाललेल्या रक्ताभिसरणाची भरपाई करण्यासाठी धावत होती. रक्त परतू लागले की ही धावपळ कमी होते. म्हणून वेगवान नाडी पाहून अ‍ॅड्रेनॅलिन रोखून धरणे म्हणजे लक्षणालाच अडचण समजणे होय. पाच मिनिटांत सुधारणा दिसली नाही, तर तीच मात्रा पुन्हा देतात.

औषधाला मर्यादाही आहेत. जो रुग्ण रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेतो, त्याच्या हृदयावरील आणि श्वासनलिकांवरील बीटा ग्राही आधीच अडवलेले असतात, त्यामुळे अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी पडू शकतो. तरीही सुरुवात त्यानेच करतात, आणि प्रतिसाद मिळाला नाही तर रुग्णालयात ग्लुकागॉन देतात. ते बीटा ग्राहींना वगळून पेशीत सायक्लिक एएमपी वाढवते. तसेच झिरपून गेलेला द्रव कोणताही ग्राही परत आणून देत नाही. रक्तदाब सावरत नसेल, तर सलाईन वेगाने द्यावेच लागते, आणि तोवर रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावे लागतात. फार दम लागत असेल, तर पाय लांब पसरून बसू द्यावे. अशा रुग्णाला अचानक उभे केले, तर हृदयाकडे येणारे रक्त पायांत उतरते आणि रिकामे हृदय काही क्षणांत थांबू शकते. रक्तातले अ‍ॅड्रेनॅलिन काही मिनिटांतच निम्मे होते, म्हणून बरे वाटू लागलेल्या शेतकऱ्यालाही रुग्णालयाच्या गाडीपर्यंत चालत न नेता आडवे उचलूनच न्यावे लागते आणि रुग्णालयात काही तास नजरेखाली ठेवावे लागते, कारण अ‍ॅलर्जीची दुसरी लाट तासांनंतरही येऊ शकते.