कांदा निर्यात शुल्क: पावती एकाची, पैसे दुसऱ्याचे

"कांद्यावरचं निर्यात शुल्क व्यापारी भरतो आणि परदेशी गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. शेतकऱ्याच्या खिशातून एक पैसाही जात नाही, उगाच ओरडतात."

शुल्क एप्रिल २०२५ला उठलं, तरी हा मेसेज फिरतोच आहे. मला तो पाठवला मामांनी, ज्यांची स्वतःची कांदाचाळ आहे! म्हणून वैताग.

पावती निर्यातदाराच्या नावावर फाटते, एवढं खरं. पण भार कोणावर पडतो हे पावती ठरवत नाही. ज्याला त्या सौद्यातून सहज बाजूला होता येत नाही, त्याच्यावर तो पडतो.

मे २०२४मध्ये निर्यातबंदी उठली तेव्हा टनाला किमान निर्यात मूल्य ५५० डॉलर होतं आणि वर ४० टक्के शुल्क. म्हणजे टनामागे किमान २२० डॉलर, किलोला साधारण १८ रुपये. आता हे १८ रुपये 'परदेशी गिऱ्हाइका'कडून वसूल करून दाखवा. दुबईच्या आयातदारापुढे पाकिस्तान, इजिप्त, चीनचा कांदा असतो. आपला महागला की तो तिकडे वळतो. इथे मात्र उन्हाळ कांदा चाळीत भरलेला. थांबावं तर वजन घटतं, कोंब फुटतात. निर्यात न झालेला माल इथल्याच बाजारात येतो, आणि कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही. त्यामुळे तो खपायला भाव बराच पडावा लागतो.

समजा, भाव एक टक्का वाढला की परदेशी मागणी ४ टक्के घटते, आणि इथला भाव एक टक्का पडला तरी निर्यातीचा माल अर्धाच टक्का घटतो. भार या लवचीकतांच्या उलट्या प्रमाणात वाटला जातो: एकूण साडेचार वाट्यांपैकी गिऱ्हाइकाचा अर्धा, विकणाऱ्याचे चार. म्हणजे १८ पैकी २ रुपये परदेशी, १६ इथले. (लवचीकता मी धरलेल्या आहेत, शिवाय कर एवढा मोठा असला की नेमकी वाटणी थोडी हलते, कल हलत नाही.)

ते १६ व्यापारी का सोसत नाही? वाटेत अडकलेल्या कंटेनरचा तोटा त्याचाच, मान्य. पण पुढच्या लिलावात तो शुल्क वजा करूनच बोली लावतो. न परवडलं तर दुसरा माल धरतो.

बांगलादेशाचं थोडं वेगळं. त्यांना शेजारचा कांदा लागतोच, म्हणून तिथे गिऱ्हाइकाचा वाटा मोठा असतो. मेसेजमध्ये खरं असेल तर इतकंच.

आणि ऑगस्ट २०२३मध्ये शुल्क लावताना खुद्द केंद्र सरकारने कारण काय दिलं? देशात कांदा उपलब्ध राहावा आणि भाव आटोक्यात यावेत. सगळं शुल्क परदेशी गिऱ्हाईक भरत असतं, तर इथला भाव हललाच नसता. तो पडतो तेव्हा मामांच्या चाळीतला, कधीच बंदरावर न जाणारा कांदाही त्याच पडलेल्या भावाने जातो. त्या कांद्यावर सरकारला शुल्काचा रुपया मिळत नाही. ते पैसे शहरातल्या ग्राहकाच्या पिशवीत जातात. हे धोरण कोणाला पटेलही, पण मग ते शेतकऱ्याच्या पैशाने चालतं, असं सरळ लिहा.