शंभर कोटींच्या तोट्याची खरी किंमत

“शंभर कोटींचा साचलेला तोटा असलेली कंपनी विकत घ्या, पंचवीस कोटींचा कर तिथेच वाचतो. तेवढ्यात कंपनी जवळजवळ फुकट पडते.”

असा एक सल्ला दिला जातो. पण नुसते शेअर विकत घेऊन काहीच वाचत नाही. तोटा त्या कंपनीच्याच नावावर राहतो, तुमच्या कंपनीच्या नफ्यातून वजा होत नाही. वर ती प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ७९ म्हणून असलेली तरतूद आडवी येते: तोट्याच्या वर्षअखेरीस ज्यांच्याकडे किमान ५१ टक्के मताधिकार होता तेच भागधारक टिकले नाहीत, तर सामान्यतः व्यवसायातला तोटा बुडतो.

म्हणून ती कंपनी तुमच्या कंपनीत मिसळावी, म्हणजे विलीनीकरणच करावे लागते आणि त्याला त्याच कायद्यात कलम ७२अ म्हणून असलेली तरतूद लागू होते. तेही सर्वांना नाही. कारखानदारी, वीज, दूरसंचार, सॉफ्टवेअर, हॉटेल, जहाजे असे ठरावीक व्यवसायच त्यात बसतात. तोट्यातली कंपनी निव्वळ व्यापार करणारी असेल, तर विषय इथेच संपतो.

आता पंचवीस कोटींकडे येऊ, कारण खरी फसगत तिथेच आहे. समजा, शंभरपैकी ७० कोटी व्यवसायातला तोटा आणि ३० कोटी न वापरलेला घसारा, म्हणजे यंत्रे-इमारतींच्या झिजेपोटीची शिल्लक वजावट, आहे. घसारा नफ्यातून वजा करायला मुदत नाही, पण तोट्याला आठ वर्षांची आहे. पूर्वी विलीनीकरणानंतर ही आठ वर्षे नव्याने मोजली जात. १ एप्रिल २०२५ पासूनच्या विलीनीकरणांत ती मूळ तोट्याच्या वर्षापासूनच मोजतात. या एका बदलाने जुन्या तोट्याचा बराचसा भाव उतरला आहे.

आपल्या उदाहरणात ४० कोटींच्या तोट्याची तीन वर्षे उरली आहेत, ३० कोटींची सहा. घेणाऱ्याचा नफा दरवर्षी १० कोटी. पहिल्या तीन वर्षांत ३० कोटी वजा होतात आणि उरलेले १० कोटी मुदत संपून बुडतात. पुढची तीन वर्षे दुसरा तोटा, नंतरची तीन वर्षे घसारा. एकूण ९० कोटी, तेही नऊ वर्षांत. ढोबळ २५ टक्के दराने वर्षाला अडीच कोटी वाचतात. १२ टक्के व्याजदर धरला, तर त्यांचे आजचे मूल्य सुमारे १३.३ कोटी भरते.

आणि तेवढे तरी निर्धास्त मिळतात का? तोट्यातला व्यवसाय पाच वर्षे चालू ठेवावा लागतो. मिळालेल्या स्थावर-यंत्रसामग्रीपैकी पुस्तकी मूल्याने तीन चतुर्थांश तेवढाच काळ राखावी लागते. चार वर्षांच्या आत उत्पादन स्थापित क्षमतेच्या निम्म्यावर न्यावे लागते आणि पाचव्या वर्षाच्या अखेरपर्यंत टिकवावे लागते. ठरलेल्या फॉर्मवर सीएचा दाखला लागतो. अट मोडली, की तोवर वजा केलेला तोटा त्या वर्षीचे उत्पन्न धरून त्यावर कर बसतो. म्हणजे यंत्रे भंगारात काढून जमीन विकायचा बेत असेल, तर हा लाभ नाहीच.

विक्रेत्यालाही हा हिशेब येतो. त्याने तोट्यापोटी दहा कोटी मागितले, तर पाच वर्षे आजारी कारखाना चालवण्याच्या जोखमीपोटी तुमच्या हाती उरतात ३.३ कोटी.