जूनमधले 21 दिवस आणि 168 चा आकडा

"तुमच्या निकालांच्या प्रकरणात सुरुवातीला 153 दिवस दिसतात, रिग्रेशनच्या टेबलात 111च उरतात. आणि ओझोन 168 हा एवढा मोठा आकडा मात्र तसाच ठेवलाय. सोयीचं ठेवायचं, नकोसं गाळायचं, याला डेटा साफ केला म्हणायचं का?"

तुमची शंका रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आर सोबत मिळणारा `airquality` हा डेटा, न्यूयॉर्क, मे ते सप्टेंबर 1973. यात ओझोन रूझवेल्ट आयलंडवर मोजलाय, ऊन सेंट्रल पार्कमध्ये आणि वारा-तापमान लाग्वार्डिया विमानतळावर, त्यातल्या विमानतळाच्या दोन कॉलममध्ये एकही जागा रिकामी नाही, ओझोनच्या 37 आणि उन्हाच्या 7 आहेत. दोन दिवशी दोन्ही नाहीत, म्हणून 153 मधून 42 गेले आणि 111 राहिले. या 42 पैकी एकही दिवस आकडा बघून काढलेला नाही, तिथे आकडाच नव्हता.

पण नुसता एकूण हिशोब देऊन भागत नाही, कुठले दिवस गेले ते बघावं लागतं. ही एक ओळ चालवून बघा:

```r
tapply(is.na(airquality$Ozone), airquality$Month, sum)
```

उत्तर येतं 5, 21, 5, 5, 1. म्हणजे जूनच्या 30 पैकी 21 दिवस ओझोनच नाही! हे योगायोगाने इकडून तिकडून गळालेले दिवस नव्हेत, एका महिन्यात काहीतरी बंद होतं असंच वाटतं, आणि म्हणूनच हा महिनावार तक्ता मी प्रकरणात रिग्रेशनच्या आधी टाकलाय. 111 दिवसांवरून काढलेला निष्कर्ष जूनबद्दल फक्त 9 दिवसांच्या जोरावर बोलतो, हे वाचणाऱ्याला आधीच कळायला हवं.

मग रिकाम्या जागी सरासरी का नाही भरली, असं काहीजण विचारतात. भरून बघा. ओझोनची सरासरी 42.1, पण जूनच्या मोजलेल्या 9 दिवसांची 29.4 आहे, तिथे 21 वेळा 42.1 भरलं की जून एकदम 38 वर जातो, म्हणजे जे कुणी मोजलंच नाही ते आपण बनवलं. वर स्टँडर्ड डेव्हिएशन 33 वरून 28.7 वर येतं, कारण 37 दिवस बरोब्बर मध्यावर बसवलेत, आणि मग निकाल आहे त्यापेक्षा जास्त पक्का वाटायला लागतो. याला मी साफसफाई म्हणणार नाही.

म्हणून 111 दिवसांच्या निकालाशेजारी मी `mice` ने केलेलं मल्टिपल इम्प्युटेशन दिलंय. त्यात त्या दिवसाचा वारा, तापमान, ऊन बघून एक नाही तर अनेक वेगवेगळे संभाव्य ओझोन भरले जातात, दरवेळी रिग्रेशन चालतं आणि उत्तरांमधला फरक स्टँडर्ड एररमध्ये मिळवला जातो, म्हणजे न मोजल्याची अनिश्चितता लपत नाही. दोन्हीकडे वाऱ्याचं चिन्ह वजा, तापमानाचं अधिक. याची मर्यादाही आहे. ओझोन फार वाढला म्हणूनच मोजमाप थांबलं असेल तर हे डेटामधून कळू शकत नाही. तिथे एकच करता येतं, भरलेले आकडे मुद्दाम 10, 20 ने वाढवून निष्कर्ष कुठे मोडतो ते बघायचं आणि ते छापायचं.

आता 168. बॉक्सप्लॉटच्या नियमाने (तिसऱ्या चतुर्थकाच्या वर दीड आयक्यूआर) मर्यादा येते साधारण 131, तिच्या वर दोनच दिवस जातात, 1 जुलैचे 135 आणि 25 ऑगस्टचे 168. नियमाचं काम फक्त बोट दाखवणं, काढायचं की नाही ते त्या दिवसाची ओळ वाचूनच ठरवावं लागतं. त्या दोन दिवशी वारा ताशी 4.1 आणि 3.4 मैल, सरासरी जवळपास 10 असताना, आणि ऊन भरपूर. वारा पडलेला, ऊन कडक, अशा दिवशी ओझोन साचणारच, म्हणजे टायपिंगची चूक म्हणायला काही पुरावा नाही. 25 ऑगस्टला मॉडेल 72 च्या आसपास सांगतं आणि मोजलेले 168, तर कमी पडतंय ते मॉडेल, दिवसाने काय केलंय? आणि तो काढला की वाऱ्याचा परिणाम आपोआप कमी दिसायला लागतो, म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिलेत.

अजून एक बघा. ओझोनचा लॉग घेतला तर 168 मर्यादेच्या आत येतो आणि 21 मेचा 1 हा आकडा खालून बाहेर पडतो! त्या दिवशी ऊन फक्त 8 लँगली, पूर्ण ढगाळ, तर 1 सुद्धा पटण्यासारखाच आहे. म्हणजे आउटलायर कोण हे स्केलवर ठरतं, म्हणूनच कुठल्या स्केलवर, कुठल्या नियमाने आणि कुठली तारीख, हे तिन्ही प्रकरणात लिहायलाच हवं. मी एकही टोकाचा आकडा काढलेला नाही, त्या तिन्ही तारखा टेबलाखाली आहेत.

तुम्हाला 25 ऑगस्ट काढूनच बघायचा असेल तर ओळ क्रमांक 117, खुशाल वगळा आणि वाऱ्याचा कोइफिशियंट किती येतो ते इथेच लिहा.