नकाराचं बीजभाषण

22 मार्च हा जागतिक जलदिन. 1993 पासून तो जगभर पाळतात आणि आमच्याकडे त्याच्या आधीचे पंधरा दिवस प्राध्यापकांना पळता भुई थोडी होते. प्रत्येक महाविद्यालयाला त्याच दिवशी चर्चासत्र घ्यायचं असतं आणि बीजभाषणाला माणूस हवा असतो.

यंदा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होतो. "सर, विषय आहे 'बेसॉल्टमधील भूजल'. बीजभाषण तुमचंच." माझा अभ्यास पावसाच्या नोंदींचा. पाणी वरून पडेपर्यंत माझी हद्द, जमिनीत मुरलं की माझा संबंध संपतो. पण समोरच्याचा आवाज इतका गोड होता, की मी म्हणालो, "बघतो."

इथेच घोडं पेंड खातं. मराठीत 'बघतो' म्हणजे नाही, हे आपल्याला माहीत असतं. संयोजकाच्या मराठीत मात्र 'बघतो' म्हणजे हो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका आली. त्यात माझा जुना फोटो, डोक्यावर केस असतानाचा.

मी घाईघाईने फोन लावला. "सर, त्या दिवशी आमची प्रात्यक्षिक परीक्षा आहे."

"मग आपण 23ला ठेवू की!"

"घसाही बसलाय हो..."

"माइक एकदम भारी आहे सर."

तेव्हा कळलं, की जे कारण पुढे ढकलता येतं ते कारणच नव्हे. आणि दोन कारणं दिली की दोन्ही पडतात, कारण समोरचा त्यातलं लंगडं बरोबर हेरतो. खरं कारण एकच होतं: हा माझा विषय नाही. ते सांगायला एवढी लाज का वाटावी, देव जाणे! विद्वानाला घसा बसल्याचं चालतं, अज्ञान चालत नाही.

विषय होता आमच्या भूगर्भशास्त्राच्या मॅडमचा. बाई दर मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळा संपल्यावर गावोगावच्या विहिरींत वजन बांधलेली टेप सोडतात आणि पाणी किती खाली आहे ते वहीत लिहितात. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. तो घट्ट असतो, पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठतं. म्हणून एका बांधावरची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, असं का होतं हे त्या खडू घेऊन दोन मिनिटांत पटवतात.

त्यांचा नंबर तिथल्या तिथे देऊन मोकळं व्हायचा मोह झाला. पूर्वी एकदा केलं होतं तसं. ते सहकारी पुढे सहा महिने मला चहाला विचारत नव्हते. म्हणून आधी स्टाफरूम गाठली.

"म्हणजे तुम्हाला नको म्हणून मला?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाही हो. माझं नाव चुकून आलं, तुमचं यायला हवं होतं."

"किती मिनिटं? समोर विद्यार्थी की शेतकरी? गाडीखर्च देणार आहेत की नुसती शाल?"

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. विचारून आलो: चाळीस मिनिटं, निम्मे शेतकरी, गाडीखर्च मिळेल. मग त्या म्हणाल्या, "द्या नाव."

आता संयोजकांना पत्र. पहिला मसुदा दीड पानांचा झाला, त्यात 'दिलगिरी' चार वेळा. बायकोने वाचून विचारलं, "कोणी गेलंय का?" मग सगळं खोडून एवढंच ठेवलं:

"आठवण ठेवलीत, आभार. मला येता येणार नाही. हा माझा अभ्यासाचा विषय नाही. आमच्या विभागातल्या मॅडम गेली बारा वर्षं विहिरींची पातळी मोजतात आणि शेतकऱ्यांना समजेल असं बोलतात. त्यांना विचारलं आहे, त्या तयार आहेत. नंबर खाली देतो."

यात 'त्या दिवशी' हे शब्द मुद्दाम घातले नाहीत, नाहीतर पुन्हा 23 तारीख आली असती. बारा वर्षं आणि विहिरी मात्र मुद्दाम घातल्या. संयोजकाची खरी अडचण असते ती 'आता प्राचार्यांना काय सांगू?' ही. 'अतिशय अभ्यासू आणि व्यासंगी' हे ऐकून कुठलाही प्राचार्य हलत नाही. बारा वर्षं विहिरीत टेप सोडणारी बाई म्हटलं, की तो मान वर करतो. शेवटी एक ओळ जोडली: पत्रिका नवीन छापा, जुन्यावर 'यांच्याऐवजी' असं लिहू नका.

पत्रिका नवी निघाली. भाषणही रंगलं म्हणे. शेतकऱ्यांनी मॅडमना जेवणाच्या रांगेतही सोडलं नाही. मात्र स्मृतिचिन्ह आधीच तयार होतं. त्यावरच्या माझ्या नावावर संयोजकांनी मॅडमच्या नावाची पट्टी चिकटवली होती. जुलैच्या दमट हवेत तिचा एक कोपरा सुटला आणि 'प्रा.'च्या मागून मी डोकावू लागलो.

मॅडमनी ते उचलून माझ्या टेबलावर ठेवलं. "घ्या. फेव्हिकॉल तुमच्याकडेच असतो ना?"